गवताच्या काढ्यातले जिवाणू रंग न लावता: डार्क फील्ड आणि फेज कॉन्ट्रास्टच्या नोंदी

4 जुलै

वाळलेल्या गवताच्या काढ्यात बॅसिलस वंशाचे जिवाणू वाढतात. ते जिवंत असताना पाहायचे, त्यांच्या पोटात तयार होणारे बीजाणू ओळखायचे आणि जमलं तर एखादा बीजाणू जागा होताना डोळ्यांनी बघायचा, एवढं या कामाचं उद्दिष्ट आहे. रंगवलेल्या स्लाइडवर यातलं शेवटचं काम होणारच नाही, त्यामुळे सगळा खटाटोप रंगाशिवाय पाहण्याचा.

हाताशी साधा मायक्रोस्कोप आहे: 160 मिमी नळी, 10, 40 आणि 100 पटींची ऑब्जेक्टिव्ह, नमुन्यावर प्रकाश एकवटणारा 1.25 न्यूमरिकल अ‍ॅपर्चरचा अबे कंडेन्सर, त्याला प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणारा आयरिस आणि खाली फिल्टर ठेवायची बाहेर सरकणारी कडी. ही कडी पुढे फार कामाला येणार आहे. तुमच्या मायक्रोस्कोपला ती आहे का, हे आधी तपासा.

मूठभर गवत बारीक कापून अर्ध्या लिटर पाण्यात वीस मिनिटं उकळलं, गाळलं आणि तोंडाला कापसाचा बोळा लावून ठेवलं. उकळल्याने बाकी बहुतेक सगळं मरतं आणि बीजाणू टिकतात. गवताच्या काढ्यातल्या या बीजाणूंचा उष्णतेपुढचा चिवटपणा फर्डिनांड कोन यांनी 1870च्या दशकातच दाखवून दिला होता. त्यामुळे वेगळं बियाणं आणायची गरज पडत नाही. मात्र नेमकी कोणती जात वाढली, हे घरी कळत नाही. म्हणून काढा अनोळखी जिवाणूंचा समजूनच हाताळायचा: हातमोजे घालून, आणि खाण्यापिण्याच्या भांड्यांपासून लांब.

7 जुलै

काढ्यावर पातळ, सुरकुतलेली साय आली आहे. सायीखालचा एक थेंब स्लाइडवर घेतला आणि 40 पटीत पाहिला. आयरिस नेहमीसारखा उघडा ठेवला तर जवळजवळ काहीच दिसत नाही. तो बराच बंद केला की बारीक काड्या दिसू लागतात, पण प्रत्येकीभोवती जाड दुहेरी किनार येते आणि तपशील पुसला जातो. हालचाल मात्र कळते. काड्या पोहत आहेत.

न दिसण्याचं कारण एकदा आकड्यांत मांडून ठेवतो, कारण पुढचे सगळे उपाय त्यावरच उभे आहेत. जिवाणूची जाडी सुमारे 0.8 मायक्रोमीटर. त्याच्या आतल्या द्रव्याचा अपवर्तनांक 1.39च्या आसपास, पाण्याचा 1.33. म्हणजे जिवाणूतून जाणारा प्रकाश शेजारच्या पाण्यातून जाणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे 45 नॅनोमीटर मागे पडतो. हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा हा जेमतेम बारावा भाग. प्रकाश शोषला असं जवळजवळ काहीच नाही. डोळ्याला आणि कॅमेऱ्याला प्रकाश कमी झालेला कळतो, मागे पडलेला कळत नाही. जिवाणू आपल्यासमोर असतो, त्याने प्रकाशावर परिणामही केलेला असतो, पण आपल्या डोळ्याला न समजणारा.

8 जुलै

तुलनेसाठी रिवाजाप्रमाणे एक स्लाइड रंगवली. थेंब पसरून वाळवला, स्लाइड ज्योतीवरून दोन-तीनदा नेली, मिथिलीन ब्लू मिनिटभर ठेवून धुतलं. 100 पटीत तेल लावून पाहिलं तर निळ्या काड्या स्पष्ट उठून दिसतात. काहींच्या मध्ये गोलसर बिनरंगी जागा आहे. तो बीजाणू. त्याच्या कवचातून हा रंग आत शिरत नाही, म्हणून तो भोकासारखा दिसतो.

इथे जिवाणू मरतो तो रंगाच्या आधीच. वाळवताना पाणी जातं आणि ज्योतीवर प्रथिनं गोठतात. पटल फाटतं, म्हणूनच रंग अडथळ्याशिवाय आत पोहोचतो, आणि गोठलेली पेशी काचेला घट्ट चिकटते, म्हणूनच धुताना वाहून जात नाही. रंगवण्यासाठी जे दोन गुण हवेत, तेच जिवंत पेशीत नसतात. उष्णतेऐवजी मिथेनॉल, फॉर्मॅल्डिहाइड किंवा तीव्र अ‍ॅसिटिक आम्ल वापरलं तरी घडतं तेच, फक्त रस्ता वेगळा. ऊतींच्या आणि रक्ताच्या बहुतेक नेहमीच्या रंजनांत यातली एखादी पायरी असतेच.

10 जुलै

मग साहजिकच प्रश्न आला: ज्योत टाळली आणि जिवंत थेंबातच रंग सोडला तर?

कव्हरस्लिपच्या एका कडेला क्रिस्टल व्हायोलेटचा थेंब ठेवला आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून रंग आत ओढला. आयरिस बंद ठेवून रंगाची कड येताना पाहिली. कड पोहोचली की काड्या थांबतात आणि जांभळ्या होऊ लागतात. निष्कर्ष वहीत लिहूनही टाकला.

संध्याकाळी ताईला फोन केला. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "रंगाशिवायची स्लाइड तेवढाच वेळ ठेवून बघितलीस का रे?" ठेवली नव्हती. ती म्हणाली, "कव्हरस्लिपखाली ते ऑक्सिजन संपवतात आणि आपोआप थांबतात. हवेचा बुडबुडा असेल तिथे बघ, तिथले पोहत असतील."

रात्री नुसता काढा घेऊन स्लाइड केली आणि मुद्दाम एक बुडबुडा अडकवला. काही मिनिटांत मधल्या भागातल्या काड्या सुस्तावल्या. बुडबुड्याच्या कडेला मात्र गर्दी झाली आणि ती गर्दी जोमात पोहत राहिली. म्हणजे सकाळचं निरीक्षण बिनकामाचं होतं: मधले जिवाणू रंगाने थांबले की हवेच्या अभावाने, ते त्यातून सांगताच येत नाही.

तोच प्रयोग बुडबुड्यासह परत केला. रंगाची कड बुडबुड्यापाशी पोहोचली तेव्हा तिथलेही थांबले, आणि रंग धुऊन ताजा काढा ओढला तरी पुन्हा हलले नाहीत. आता हे रंगाचंच काम, असं म्हणता येतं. क्रिस्टल व्हायोलेट ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंची वाढ अतिशय विरळ असतानाही रोखतं, आणि बॅसिलस त्याच गटातले.

"थांबले" कसं ठरवायचं, हेही लिहून ठेवतो. मेलेली काडीही जागच्या जागी थरथरते, कारण पाण्याचे रेणू तिला ढकलत असतात. आणि कव्हरस्लिपखाली प्रवाह असेल तर सगळ्या काड्या एकाच दिशेने वाहतात. शेजारच्या दोन काड्या वेगवेगळ्या दिशांना सरळ रेषेत जात असतील, मध्येच वळत असतील, तरच ते पोहणं.

12 जुलै

रंग विरळ करून पाहिला. क्रिस्टल व्हायोलेट सोडून मिथिलीन ब्लू घेतलं, दहा-दहा पटींनी पातळ करत गेलो. जिथे बुडबुड्याजवळच्या काड्या पोहत राहतात, तिथे त्या मला रंगीत दिसत नाहीत. जिथे रंगीत दिसतात, तिथे त्या थांबलेल्या असतात. मधली सोयीची पायरी सापडली नाही, आणि तिच्या शोधात अख्खा रविवार गेला.

ती का सापडत नाही, हे हिशेबातून कळलं. काडी रंगीत दिसायला तिने तिच्या रंगाच्या पूरक रंगाचा निदान दहा टक्के प्रकाश तरी शोषायला हवा. मिथिलीन ब्लू हा जोरदार शोषणारा रंग आहे. त्याचा मोलर शोषणांक सुमारे 80,000 धरला, तरी प्रकाशाचा मार्ग आहे फक्त 0.8 मायक्रोमीटरचा. एवढ्या पातळ थरात दहा टक्के शोषण हवं असेल तर पेशीच्या आत रंगाचं प्रमाण लिटरमागे सुमारे 7 मिलिमोल लागतं. पेशीतल्या एटीपीचं प्रमाणही काही मिलिमोलच असतं. म्हणजे पेशीला तिच्या मुख्य इंधनाइतका परका रेणू पोटात घ्यावा लागेल, आणि तोही धन प्रभाराचा, डीएनए-आरएनएच्या ऋण प्रभाराला जाऊन चिकटणारा. पेशीच्या आतली बाजू बाहेरच्या तुलनेत ऋण असते, त्यामुळे असे रंग पटलातून शिरू शकले की आत ओढले जातात आणि साठत जातात. त्यात मिथिलीन ब्लू उजेडात ऑक्सिजनचं घातक रूप तयार करतं, आणि मायक्रोस्कोपखाली उजेड तर असतोच. उलट जिवंत पेशी याच रंगाचं क्षपण करून त्याला बिनरंगी करते, म्हणून पोहणारी काडी आणखीच फिकी दिसते.

जिवंत पेशीला चालणारे रंग आहेत, पण ते थोडे आहेत आणि त्यांच्या अटी आहेत. न्यूट्रल रेड मोठ्या पेशींच्या आम्लधर्मी पोकळ्यांत साठतो आणि विरळ असेल तर पेशी बराच वेळ तग धरते. तिथे पोकळी काही मायक्रोमीटर जाड असते आणि रंग एका कोपऱ्यात कोंडलेला राहतो. ट्रायपॅन ब्लू तर जिवंत पेशीत शिरतच नाही, मेलेलीत शिरतो. तो जिवंत पेशी दाखवत नाही, मेलेल्या मोजायला मदत करतो. माझ्या काड्यांना यातलं काही लागू पडत नाही. रंगाचा नाद इथे सोडला.

14 जुलै

डार्क फील्ड. खर्च शून्य: काळा जाड कागद आणि पारदर्शक प्लॅस्टिकची चकती.

कल्पना अशी. कंडेन्सरच्या मधला प्रकाश अडवायचा आणि फक्त कडेचा तिरपा प्रकाश नमुन्यावर सोडायचा. तो इतका तिरपा हवा की सरळ ऑब्जेक्टिव्हमध्ये शिरू नये. मग नमुन्यात काही नसेल तर दृश्य काळं, आणि जिवाणूवर आपटून वळलेला प्रकाश तेवढा आत येतो.

काळ्या ठिपक्याचा आकार अंदाजाने घेऊ नका. आधी 40 पटीचं ऑब्जेक्टिव्ह लावून स्लाइडवर फोकस केला. आयपीस काढून नळीत पाहिलं. तिथे ऑब्जेक्टिव्हच्या मागच्या बाजूची प्रकाशाची चकती दिसते. आयरिस हळूहळू बंद करत, त्याची कड चकतीच्या कडेला टेकेल तिथे थांबलो. मग आयरिस न हलवता कंडेन्सर बाहेर काढून आयरिसचं भोक मोजलं: साधारण 15.5 मिमी. ठिपका याहून मोठाच हवा. 16 मिमीचा कापून प्लॅस्टिकच्या चकतीच्या मधोमध चिकटवला आणि कडीत ठेवला. पार्श्वभूमी राखाडी आली. 18 मिमीचा कापला, तेव्हा काळी झाली. 10 पटीसाठी हेच मोजमाप 6 मिमी आलं आणि 8 मिमीचा ठिपका पुरला. तुमचे आकडे वेगळे येतील, कारण ते तुमच्या कंडेन्सरच्या नाभीय अंतरावर ठरतात.

ठिपका हवा तितका मोठा करता येत नाही. न्यूमरिकल अ‍ॅपर्चरचा आकडा प्रकाश किती तिरपा जाऊ शकतो ते सांगतो. कंडेन्सरवर 1.25 लिहिलेलं असलं तरी त्याच्या आणि स्लाइडच्या मध्ये हवा आहे तोवर 1.0च्या पलीकडचा प्रकाश स्लाइडपर्यंत पोहोचतच नाही. 40 पटीचं ऑब्जेक्टिव्ह 0.65चं. मधल्या अरुंद पट्ट्यातूनच काय तो प्रकाश येतो. 100 पटीच्या 1.25च्या ऑब्जेक्टिव्हला ही युक्ती चालत नाही. त्याला तेल लावून वापरायचा खास डार्क फील्ड कंडेन्सर लागतो आणि ऑब्जेक्टिव्हमध्येही आयरिस लागतो. त्या वाटेला गेलो नाही.

दोन गोष्टी हातासरशी: डार्क फील्डमध्ये आयरिस पूर्ण उघडा ठेवायचा, नाहीतर जो कडेचा प्रकाश हवा तोच अडतो. आणि दिवा पूर्ण वाढवायचा.

15 जुलै

पार्श्वभूमी काळी आहे, पण दृश्य धुळीने आणि ओरखड्यांनी भरलेलं. साध्या प्रकाशात जी स्लाइड स्वच्छ वाटते, ती इथे चालत नाही. स्लाइड आणि कव्हरस्लिप दोन्ही साबणाच्या पाण्याने, मग अल्कोहोलने धुऊन धागे न सोडणाऱ्या कागदाने पुसले. निम्मा कचरा गेला.

उरलेला त्रास थेंबाचा होता. ड्रॉपरचा एक थेंब म्हणजे जवळपास 50 मायक्रोलिटर. तो 22 मिमीच्या चौकोनी कव्हरस्लिपखाली पसरला तर थर सुमारे 100 मायक्रोमीटर जाड होतो. त्यात फोकसबाहेरचे शेकडो जिवाणू चमकतात आणि काळं दृश्य दुधट होतं. 10 मायक्रोलिटर घेतले तर थर 20 मायक्रोमीटरचा येतो. मायक्रोपिपेट नसेल तर थेंब टेकवून बाजूचं पाणी टिपकागदाने ओढून घ्या, कव्हरस्लिप तरंगायची थांबेपर्यंत. शिवाय काढा उकळून गार केलेल्या पाण्यात वीसेक पट पातळ केला.

या दोन बदलांनंतर दृश्य एकदम पालटलं. काळ्यावर पांढऱ्या काड्या, आणि पोहताना काडीचं डुलणंही दिसतं. दोन जोडलेल्या काड्या जात असतील तर सांधा मध्येच वाकतो. आयरिस बंद करून हे कधीच दिसलं नव्हतं. हालचाल पाहायची असेल, किंवा मुळात काही आहे की नाही एवढं ठरवायचं असेल, तर माझ्या मते याच्यापुढे जायची गरज नाही.

पण बीजाणू? इथे तो चमकतो, काडीची कडही चमकते, कचऱ्याचा कणही चमकतो. कडा मिळतात, पोट वाचता येत नाही.

20 जुलै

फेज कॉन्ट्रास्टचा संच आला. या कामातला खरा खर्च हाच. मागवण्याआधी जुळवायच्या गोष्टी: ऑब्जेक्टिव्ह 160 मिमी नळीचंच हवं, अनंत नळीचं नको, कंडेन्सरचा बाहेरचा व्यास स्टँडच्या कडीत बसला पाहिजे, आणि मध्य जुळवायची छोटी दुर्बीण सोबत हवी. ती नसेल तर बाकीचा संच पडून राहतो.

आत काय होतं ते थोडक्यात. कंडेन्सरमध्ये अपारदर्शक चकतीत कडीच्या आकाराची फट असते. तिच्यातून आलेला सरळ प्रकाश ऑब्जेक्टिव्हमधल्या एका कड्यावर पडतो. ते कडं त्या प्रकाशाचा बराच भाग शोषून घेतं आणि त्याला पाव तरंगलांबीने पुढे सरकवतं. जिवाणूवरून वळलेला प्रकाश बहुतांशी कड्याबाहेरून जातो, आणि तो मुळातच सुमारे पाव तरंगलांबी मागे असतो. दोघांत अर्ध्या तरंगलांबीचं अंतर पडलं की ते एकमेकांना खातात आणि जिवाणू काळसर दिसतो. 7 तारखेला लिहिलेला तो न दिसणारा मागे पडलेला प्रकाश असा डोळ्याला दिसू लागतो. ही युक्ती फ्रिट्स झेर्निके यांची. त्यासाठी त्यांना 1953 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

जुळवणी: आधी साध्या प्रकाशात स्लाइडवर फोकस, मग कंडेन्सरची उंची. नंतर ऑब्जेक्टिव्हला जुळणारी फट फिरवून समोर आणली. आयपीस काढून दुर्बीण घातली आणि आतलं गडद कडं स्पष्ट होईपर्यंत ती फिरवली. उजेडाची कडी बाजूला सरकलेली दिसते. कंडेन्सरच्या दोन स्क्रूंनी ती गडद कड्यात पूर्ण बसवली. मध्य जुळूनही ती लहान-मोठी वाटली तर कंडेन्सर थोडा वर-खाली करा. तरीही बसली नाही तर फट दुसऱ्या ऑब्जेक्टिव्हची लागली आहे.

कडी जरा बाहेर सांडली की पार्श्वभूमी उजळते, काड्या फिक्या होतात आणि एका बाजूने प्रकाश पडल्यासारखा खोटा उठाव येतो. हा उठाव दिसायला छान असतो, त्यामुळे तो बिघाड आहे हे चटकन लक्षात येत नाही. ऑब्जेक्टिव्ह बदललं की दुर्बीण घालून पुन्हा पाहायचंच.

दिव्यासमोर हिरवा फिल्टर ठेवला. कड्याची पाव तरंगलांबी हिरव्या प्रकाशासाठी बेतलेली असते. फरक थोडा, पण दिसण्याइतका पडतो.

21 जुलै

जिवाणूंना हवा मिळावी म्हणून खळग्याच्या स्लाइडवर लोंबता थेंब केला. रॉबर्ट कोख यांनीही जिवंत जिवाणू पाहायला हीच पद्धत वापरली होती. डार्क फील्डमध्ये जेमतेम चाललं, फेजमध्ये मात्र चित्रच बिघडलं: थेंबाच्या मध्यावर ठीक, कडेकडे सरकलं की फेज गायब. दुर्बिणीतून पाहिलं तर स्टेज सरकवताना उजेडाची कडी गडद कड्यातून बाहेर निघताना सरळ दिसली. लोंबत्या थेंबाचा खालचा पृष्ठभाग गोल असतो. तो भिंगासारखा वागतो आणि कडीची प्रतिमा हलवतो. जागा बदलेल तसे स्क्रू पिळत बसण्यात अर्थ नाही. फेजसाठी थर सपाट आणि पातळच हवा. हवेसाठी एका कोपऱ्यात बुडबुडा ठेवला आणि कडा व्हॅसलीनने बंद केल्या.

24 जुलै

100 पट, तेल, 10 मायक्रोलिटरचा थर. आता पाहायला मिळालं.

वाढणाऱ्या काड्या गडद राखाडी, सलग, टोकं गोल. काही काड्यांत एका टोकाकडे फिका ठिपका. काहींत तो ठिपका दिव्यासारखा लखलखीत पांढरा, आणि भोवती काडीचं उरलेलं शरीर फिकट होत गेलेलं. शेजारी मोकळे झालेले लंबगोल, तेही लखलखीत. एकाच दृश्यात बीजाणू तयार होण्याच्या तीन पायऱ्या दिसत होत्या. मिथिलीन ब्लूच्या स्लाइडवर पूर्ण झालेला बीजाणू नुसतं भोक होता. तो आत सुरू झाला आहे की संपला आहे, हे तिथे कळत नव्हतं.

काडी काळी आणि बीजाणू पांढरा, हे उलटं का? बीजाणूचा गाभा जवळजवळ कोरडा असतो, त्यामुळे त्याचा अपवर्तनांक 1.5च्या आसपास जातो. त्याच्यातून जाणारा प्रकाश पाव तरंगलांबीहूनही जास्त मागे पडतो. तिथे एकमेकांना खाण्याचा हिशेब उलटतो आणि वस्तू पार्श्वभूमीहून उजळ दिसते. म्हणून फेजमध्ये "जितकं गडद तितकं दाट" असं वाचू नका. काही मायक्रोमीटर जाड पेशींतही हा उलटा परिणाम येतो.

दुसरी मर्यादा प्रभेची. प्रत्येक काडीभोवती उजळ वलय येतं, कारण वळलेल्या प्रकाशातला थोडा भागही कड्यातून जातोच. दोन काड्या चिकटून असतील तर मधली रेघ खरी की वलयांची, हे सांगणं अवघड. सायीचा तुकडा तर फेजमध्ये नुसता पांढरा-काळा गोंधळ होतो. तो पाहायचा नाहीच, पसरवायचा.

28 जुलै

बीजाणू जागा होताना.

जुन्या काढ्याची साय पाण्यात घोळवून नळीत घेतली आणि 70 अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास ठेवली. यात वाढणाऱ्या काड्या मरतात, बीजाणू टिकतात आणि जागे व्हायला जास्त तयार होतात. न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये 1 टक्का अ‍ॅगरोज विरघळवून स्लाइडवर पातळ सपाट चौकोन ओतला, त्यावर 2 मायक्रोलिटर बीजाणू ठेवले, शोषले जाईपर्यंत थांबलो आणि कव्हरस्लिप ठेवली. एका बाजूला हवेची जागा, कडांना व्हॅसलीन. अ‍ॅगरोजमुळे बीजाणू तरंगत नाहीत; एकाच बीजाणूवर नजर ठेवायची तर हे लागतंच.

एका दृश्यात चौदा लखलखीत ठिपके होते. त्यांची जागा कागदावर काढून क्रमांक दिले आणि आयपीसला मोबाइल बांधून मिनिटाला एक फोटो घेतला. वीसेक मिनिटं काही घडलं नाही. मग पाच नंबर मंद होऊ लागला. दोन-तीन मिनिटांत लखलखीतचा राखाडी, राखाडीचा गडद. थोड्या वेळाने नऊ, मग दोन.

फोकस सरकला तरीही ठिपका मंद होतो, त्यामुळे लगेच विश्वास ठेवला नाही. फोकसचं बारीक चाक मागेपुढे फिरवलं. शेजारचे चार आणि सहा लखलखीत राहिले, पाच कुठल्याच फोकसला परत उजळला नाही. हीच खूण धरा: एकच बदलतो आणि शेजारी तसाच राहतो.

गडद होणं म्हणजे मरणं नव्हे, उलट आहे. बीजाणू जागा होताना गाभ्यातलं कॅल्शियम डायपिकोलिनेट बाहेर टाकतो आणि पाणी आत घेतो. गाभा ओला झाला की अपवर्तनांक उतरतो, प्रकाश कमी मागे पडतो आणि बीजाणू वाढणाऱ्या काडीसारखा गडद दिसू लागतो. म्हणजे फेजमध्ये मी त्याचं पाणी पिणंच पाहत होतो. दोन तासांच्या सुमारास पाच नंबरमधून एक काडी कवच फोडून बाहेर आली आणि लांबत गेली.

चौदापैकी चार बीजाणू रात्रीपर्यंत तसेच लखलखीत होते. जागे न होणारे काही असतातच. तेवढ्यावरून ते मेले असं म्हणता येत नाही.

याच क्षणी मिथिलीन ब्लू सोडलं असतं तर काय दिसलं असतं, हे पाहायला दुसऱ्या स्लाइडवर तसं केलं. जागे झालेले निळे झाले, झोपलेले बिनरंगी राहिले. उत्तर बरोबर, पण एकदाच मिळणारं. निळा झालेल्यातून काडी बाहेर पडलेली मला दिसली नाही.

31 जुलै

आवराआवर. अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत, साध्या उकळण्यानेही नाहीत; पहिल्या दिवशी आपण त्याचाच फायदा घेतला. काढा, अ‍ॅगरोज, स्लाइड आणि टिपकागद सगळं प्रेशर कुकरमध्ये, पूर्ण दाबावर वीस मिनिटांहून थोडं जास्त ठेवलं. या कामासाठी वेगळा कुकर ठेवा, त्यात पुन्हा अन्न शिजवू नका. ऑब्जेक्टिव्हवरचं तेल त्याच दिवशी भिंगाच्या कागदाने टिपून काढा. फेजच्या ऑब्जेक्टिव्हवर वाळलेलं तेल सगळ्या दृश्यावर दुधट पडदा आणतं आणि तो जुळवणीतला दोष वाटतो.